६३ विषय झाले, देखावा एकही ठरेना. सुचवणं थांबवायचं कधी?

पेठेबाहेरचा (२८ जून, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी. पुण्याच्या एका उपनगरात आमचं छोटं गणेश मंडळ आहे. दरवर्षी जिवंत देखावा करतो. यंदा कार्यवाहपद माझ्या गळ्यात पडलंय. चतुर्थी १४ सप्टेंबरला, म्हणजे उशिरा, म्हणून सगळे म्हणाले की वेळ भरपूर आहे, एकदम वेगळा विषय शोधू. मेपासून चार रविवार बैठका झाल्या आणि वहीत ६३ विषय जमले. अफझलखान, हिरकणी, वारी, पाण्याचा टँकर, मोबाईलचं वेड, सीमेवरचा जवान, वृद्धाश्रम, काय म्हणाल ते आहे. दर वेळी उठता उठता कुणीतरी म्हणतं, "अजून भारी काहीतरी सुचेल रे, घाई कशाला?" की पुढचा रविवार ठरतो.

गेल्या वर्षी असंच करत ११ दिवस उरल्यावर विषय ठरवला. संहिता दोन रात्रींत लिहिली, रेकॉर्डिंग एका दुपारीत उरकलं. पहिल्याच दिवशी खानाचं काम करणारा पोरगा ओठ हलवायचा विसरला आणि स्पीकरमधून आवाज मात्र गरजतोय. गल्लीत अजून नक्कल करतात.

विषय कमी पडतायत असं नाही. आता पुरे, आता निवडा, हे कशावरून ओळखायचं?

---

निवांत६१ (२९ जून, सकाळी ६:१५)

स्तुत्य उपक्रम! माझ्याकडून काही विषय: १) प्लास्टिकचा राक्षस २) आजीचा बटवा ३) मराठी शाळा वाचवा ४) अवयवदान ५) थर्माकोलचं भव्य केदारनाथ.

---

तिरकस (२९ जून, सकाळी ९:०२)

६८ झाले. अभिनंदन. (काका, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे ६७ धरा.)

---

पोळीभाजीवाली (२९ जून, दुपारी ३:२०)

माझंही असंच झालंय. पोळी-भाजी केंद्र सुरू करून चार महिने झाले, बोर्ड अजून नाही, कारण नाव ठरत नाही. डायरीत दोनशेच्या वर नावं आहेत. रोज रात्री भांडी आवरताना दोन-तीन नवीन सुचतात आणि कालची फिकी वाटायला लागतात. गिऱ्हाइकं 'त्या जिन्याखालच्या ताई' म्हणूनच ओळखतात. काही उपाय निघाला तर मलाही हवाय.

---

गणिती_नाना (२९ जून, संध्याकाळी ७:४५)

याचं उत्तर गणितात आहे. ३७ टक्क्यांचा नियम. जेवढे पर्याय येणार असतील त्यांतले पहिले ३७ टक्के नुसते बघायचे, निवडायचे नाहीत. त्यानंतर आतापर्यंतच्या सगळ्यांपेक्षा सरस असा जो पहिला येईल तो उचलायचा. ६३ च्या हिशेबाने २३ विषय झाल्यावर तुम्ही निवडायला लागायला हवं होतं. सिद्ध झालेली गोष्ट आहे, मत नाही.

---

खडूफळा (२९ जून, रात्री १०:१०)

नाना, नियम बरोबर आहे, पण तो वेगळ्या खेळाचा आहे. तिथे पर्याय एकेक करून समोर येतात, 'नाही' म्हटलेला परत मिळत नाही आणि एकूण किती येणार हे आधी माहीत असतं. भाड्याने जागा बघताना थोडंफार तसं होतं, आज सोडली तर उद्या दुसऱ्याने घेतलेली असते. पेठेबाहेरचा यांची हिरकणी मेमध्ये वहीत लिहिली, ती सप्टेंबरपर्यंत वहीतच बसलेली आहे. कुठेही पळून जात नाही. अडचण नेमकी तिथेच आहे. काहीच हातचं जात नसल्यामुळे थांबायची टोचणी लागत नाही.

मी वस्तूंचं डिझाइन करते, २० वर्षं झाली. अशा बैठका चालवणं हा माझ्या कामाचा भाग आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. ही पद्धत अॅलेक्स ऑसबॉर्न नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्याने लोकप्रिय केली. सुचवताना टीका करायची नाही, भरपूर सुचवायचं, हे त्याचे नियम. ते सगळ्यांनी उचलले. पारखणं नंतर करायचं, असंही त्याला अभिप्रेत होतं, तो भाग मात्र बहुतेक जण विसरले. तुमच्याकडे टीका पुढे ढकलली गेली आणि मग ती परत आलीच नाही.

आता थांबायची खूण. 'सुचणं मंदावलं' ही खूण नव्हे. पहिला जोर ओसरला की आपल्याला वाटतं संपलं, पण पुष्कळदा चांगलं त्यानंतरच येतं. लुकास आणि नॉर्डग्रेन या दोघांनी २०२० साली हे प्रयोगांतून दाखवलं होतं. लोकांचा अंदाज असतो की वेळ जाईल तशी कल्पकता घसरेल, प्रत्यक्षात ती टिकते किंवा वाढते. त्यामुळे तुमचे 'अजून भारी सुचेल'वाले अगदीच चुकीचे नाहीत.

मी मोजते ती गोष्ट वेगळी आहे. नवा विषय आला, की नवी जात आली? टँकर, आटलेली विहीर, नळावरचं भांडण, नदीचं प्रदूषण हे वहीत चार विषय दिसतात, पण जात एकच, पाणी. तुमच्या वहीत बैठकीची तारीख घातलेली असेल तर एक काम करा. ६३ विषयांच्या ६३ चिठ्ठ्या करा, सतरंजीवर पसरा आणि सारख्यांचे ढीग घाला. मग बघा, प्रत्येक बैठकीत नवीन ढीग किती सुरू झाले.

---

मांडववाला (३० जून, सकाळी ८:३०)

ताईंचं चालू द्या. आम्ही ३० वर्षं जिवंत देखावे करतोय, आम्हाला चिठ्ठ्या लागल्या नाहीत. कॅलेंडर लागतं. उलटं मोजा.

पात्रं नोकरी-कॉलेजवाली असतात, संध्याकाळी आठवड्यातून चारदाच जमतात. त्यांच्या तालमीला चार आठवडे. आवाज आधी रेकॉर्ड करायचा, त्यात संगीत आणि घोड्यांच्या टापा भरायच्या, एक आठवडा. संहिता लिहून, वाचून, कापायला दोन. पाऊस, आजारपण, कुणाची परीक्षा यांना एक. झाले आठ. १४ सप्टेंबरातून आठ आठवडे वजा केले की २० जुलै येते. सेट या आठवड्यांतच मागे चालू राहतो, पण सुतार विषय ठरल्याशिवाय फळीला हात लावत नाही. २० जुलैनंतर सुचलेला विषय कितीही सोन्याचा असला तरी आमच्याकडे तो पुढच्या वर्षीचा.

---

पेठेबाहेरचा (१ जुलै, रात्री ११:५५)

चिठ्ठ्यांचा उद्योग केला. बायकोने आणि शेजारच्या दोन पोरांनी मदत केली. एकूण १३ ढीग झाले. तारखेवार असं निघालं:

पहिली बैठक: २४ विषय, ९ ढीग.
दुसरी: १८ विषय, नवीन ढीग ३.
तिसरी: १२ विषय, नवीन ढीग १.
चौथी: ९ विषय, नवीन एकही नाही.

चौथ्या बैठकीत आम्ही अडीच तास बसलो होतो. वडापाव दोनदा आणला. त्या नऊपैकी चार शिवचरित्रातलेच वेगवेगळे प्रसंग, दोन मोबाईलचे, तीन पाण्याचे. आणि आम्हाला वाटत होतं काय रंगली बैठक!

---

खडूफळा (२ जुलै, सकाळी ७:५०)

९, ३, १, ०. इतकं स्वच्छ उत्तर मला कामातही क्वचित मिळतं. चौथ्या बैठकीत लोक बोलत होते, विषय येत होते, तरी जात नवी नव्हती. तिथे थांबायला हवं होतं.

एकच शंका आहे. चारही बैठकांना तीच माणसं होती का? तसं असेल तर हा शून्य विषय संपल्याचा नसून तुमच्या माणसांचा असेल. एकदाच, फक्त एकदा, वेगळ्या पाच-सहा जणांना विचारा. एकत्र बसवू नका, प्रत्येकाला कागद देऊन एकट्याने लिहायला सांगा. बैठकीत एक बोलत असताना बाकीच्यांचं डोकं त्याच्या मागे जातं आणि आपलं सुचलेलं गळून पडतं. त्यातून नवा ढीग निघाला तर घ्या, नाही निघाला तर वही बंद.

---

पेठेबाहेरचा (२ जुलै, सकाळी ९:१०)

तीच माणसं. सगळे पुरुष, २५ ते ५०. लक्षातच आलं नाही.

---

तिरकस (२ जुलै, दुपारी १२:३०)

चिठ्ठ्या, ढीग, सगळं छान आहे हो. पण खरं सांगा, वहीत अध्यक्षांचा विषय आहे का? मोठ्या वर्गणीदाराचा आहे का? माझा अनुभव असा की मंडळी सुचवत राहतात, कारण सुचवण्यात कुणाचं मन मोडत नाही. निवडलं की ६२ जणांना नाही म्हणावं लागतं. बैठक लांबवणं ही त्यातून काढलेली पळवाट असते.

---

पेठेबाहेरचा (२ जुलै, दुपारी १:०५)

आहे. दोघांचेही आहेत. अध्यक्षांची हिरकणी.

---

गणिती_नाना (२ जुलै, दुपारी ४:००)

मग मतदान घ्या आणि मोकळे व्हा. लोकशाही आहे.

---

पेठेबाहेरचा (२ जुलै, रात्री १०:४५)

नाना, तेही केलं होतं तिसऱ्या बैठकीत. १९ जण हजर, एकाला एक हात. हिरकणीला सर्वांत जास्त, ४ मतं. बाकी सगळी विखुरली. चारच मतांवर कसं ठरवायचं म्हणून पुन्हा सुचवायला बसलो.

आज ढीग डोळ्यांसमोर होते म्हणून जुनी मतं परत मांडली. पाण्याच्या चार विषयांना ३, २, २, १ अशी मतं होती. म्हणजे ८ जणांना पाण्यावर काहीतरी हवं होतं आणि आम्ही 'एकमत नाही' म्हणून उठलो.

---

खडूफळा (३ जुलै, सकाळी ८:२०)

मतदान ढिगांचं करायचं असतं, चिठ्ठ्यांचं नाही. नाहीतर ज्या विषयाची भावंडं जास्त, तो हरतो.

पण मी मतदानाआधी गाळणी लावेन. पाच अटी, उत्तर हो किंवा नाही. गुण द्यायचे नाहीत. माझ्या ओळखीच्या एका गटाने दहापैकी गुणांचा तक्ता केला होता. त्यात जी कल्पना बसवणंच अशक्य होतं ती पहिली आली. भव्यतेला दहा, भावनेला दहा, नावीन्याला नऊ, आणि 'जागेत बसते का' याला एक. बेरजेत तो एक बुडून गेला. जागेत बसत नसेल तर बाकीच्या दहांना काय करायचंय?

अटी मी सांगू शकत नाही, तुमचा मांडव तुम्हाला माहीत. पण विषय पुढे न ठेवता लिहा. विषय समोर असला की माणूस आपल्या लाडक्याला सोयीच्या अटी लिहितो.

---

मांडववाला (३ जुलै, सकाळी ९:४०)

अटींमध्ये वेळ घाला. दहा मिनिटांच्या वर देखावा नको. रात्री १० ला स्पीकर बंद, १२ पर्यंतची सूट मोजक्याच दिवशी. सातला सुरू केलंत तर हातात तीन तास. एक खेळ दहा मिनिटांचा आणि गर्दी पुढे सरकवायला पाच धरली तरी बारा खेळ होतात. वीस मिनिटांचं नाटक केलंत तर सातच, आणि मागची रांग कंटाळून शेजारच्या मंडळाकडे जाते.

आणि एक अट कायम विसरतात. लिहिणार कोण? नाव हवं. 'कुणीतरी लिहील' असा विषय वहीतून फाडा. मी तर म्हणतो, लेखकाला तीन विषय दाखवा, तो ज्यावर हात ठेवेल तो घ्या. बाकी सगळं झूठ.

---

खडूफळा (३ जुलै, सकाळी १०:१५)

लेखकाच्या नावाची अट फार चांगली, मला सुचली नव्हती. पण निवड पूर्ण त्याच्यावर सोपवणं मला पटत नाही. लेखक बोलायला छान विषय निवडतो. रस्त्यावर उभ्या माणसाला लांबून कळेल असा निवडेलच असं नाही.

---

मांडववाला (३ जुलै, सकाळी १०:४०)

मनाविरुद्ध लिहिलेलं तर जवळूनही कळत नाही, ताई.

---

पोळीभाजीवाली (४ जुलै, रात्री ९:३०)

मी माझी डायरी घेऊन बसले. ढीग पाचच निघाले: आईचं नाव, देवाचं नाव, चव, घर आणि इंग्रजी. शेवटचे सत्तर-ऐंशी तर 'चव'चेच, चवदार, रुचकर, चविष्ट करत. चार महिने मी एकाच ढिगावर रचत होते! पण अटी कुठल्या लावू ते कळत नाही.

---

तिरकस (४ जुलै, रात्री ९:५०)

ताई, फोनवर एकदा सांगून समोरच्याला पहिल्या झटक्यात लिहिता आलं पाहिजे. ही एक लावून बघा, निम्मी गळतील.

---

पेठेबाहेरचा (१२ जुलै, रात्री ११:२०)

सविस्तर सांगतो.

आधी कागद वाटले, गल्लीतल्या तीन बायका, दोन आजोबा आणि नववीतली एक मुलगी. एकट्याने लिहायला सांगितलं. बहुतेक जुन्याच ढिगांत गेलं, पण दोन आजोबांनी एकमेकांना न विचारता तेच लिहिलं होतं, 'डिजिटल अरेस्ट'. पोलिसाच्या वेषात व्हिडिओ कॉल येतो, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय म्हणतात, घरातून हलू देत नाहीत आणि खातं रिकामं करून घेतात. आमच्या १३ ढिगांत ते नव्हतंच. चौदावा ढीग. त्यानंतर वही सगळ्यांसमोर दोऱ्याने बांधून देव्हाऱ्याखाली ठेवली.

अटी पाच ठरल्या. स्टेज १८ बाय १४ फूट आणि वर १२ फुटांवर वायरी आहेत, त्यात बसायला हवं. पात्रं आठपर्यंत. वेळ दहा मिनिटं. सगळा खर्च ९० हजारांत. आणि लेखकाचं नाव. प्रत्येक चिठ्ठी उचलायची, पाच प्रश्न, एक 'नाही' आलं की बादलीत. चाळीस मिनिटांत आटोपलं. चार बैठका जे झालं नाही ते चाळीस मिनिटांत!

हिरकणी पहिल्याच अटीला गेली. कडा १२ फुटांत दाखवला तर हिरकणी ओटा उतरून आली असं वाटेल. अध्यक्ष गप्प होते. मग स्वतःच म्हणाले, "वायरी आहेत खऱ्या." मी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं.

उरले तीन: टँकर, वारीतली हरवलेली आजी आणि डिजिटल अरेस्ट. तिन्हींची अर्ध्या पानाची गोष्ट लिहून कट्ट्यावर सहा जणांना वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी त्यांनाच विचारलं, काय आठवतंय? टँकरचं सगळ्यांना 'पाणी वाचवा' एवढंच आठवलं, गोष्ट नाही. वारीची गोष्ट चौघांना आठवली. डिजिटल अरेस्ट सहाही जणांनी शेवटापर्यंत सांगितली आणि एका काकूंनी, त्यांच्या भावाला असा फोन आला होता ते सांगितलं.

ठरलं. आठ दिवस हातात राखून.

---

गणिती_नाना (१३ जुलै, सकाळी ७:१५)

सहा जणांवरून निष्कर्ष काढणं धाडसाचं आहे. पण ठीक. अभिनंदन.

---

खडूफळा (१३ जुलै, सकाळी ८:००)

नाना, तीनातला एक निवडायला पुरतात. मला दुसऱ्या दिवशी विचारणं फार आवडलं. ऐकल्या ऐकल्या विचारलं असतं तर तिन्ही 'छान' आले असते.

---

पेठेबाहेरचा (१६ जुलै, रात्री १०:३०)

एक घोळ झालाय. आमच्या ग्रुपवर काल रात्री एका पोराने विषय टाकला. आमच्या गल्लीतलंच जुनं गिरणीवाल्याचं दुकान, गेल्या पावसाळ्यात बंद झालेलं, त्या गिरणीची गोष्ट. पट्ट्याचा आवाज, पिठाने पांढरा झालेला माणूस, रांगेतल्या बायकांच्या गप्पा. वाचून अंगावर काटा आला. पाचही अटींत बसतो, लिहायला तो स्वतः तयार आहे. २० तारखेला चार दिवस आहेत. आणि डिजिटल अरेस्टची संहिता निम्मी लिहून झालीय. काय करू?

---

मांडववाला (१६ जुलै, रात्री १०:५०)

पुढचं वर्ष. वही परत सोडलीत तर उद्या आणखी तीन येतील.

---

खडूफळा (१६ जुलै, रात्री ११:३०)

मी कॅलेंडरचाच पक्ष घेतला असता, पण २० अजून यायची आहे आणि हा नवा ढीग आहे, जुन्याचं भावंड नाही. अर्धं पान लिहून घ्या, त्याच सहा जणांना वाचून दाखवा, दुसऱ्या दिवशी विचारा. दोन दिवसांचं काम. फक्त एक धोका ओळखा. नवीन सुचलेलं नवीन आहे म्हणूनही चमकतं, आणि निम्म्या लिहून झालेल्या संहितेच्या अडचणी तुम्हाला दिसायला लागल्यात, गिरणीच्या अजून दिसलेल्या नाहीत.

---

तिरकस (१६ जुलै, रात्री ११:४५)

आणि डिजिटल अरेस्ट निम्मं लिहिणाऱ्याला कोण सांगणार? ते आधी ठरवा.

---

निवांत६१ (१७ जुलै, सकाळी ६:१०)

गिरणीचा विषय हृदयस्पर्शी! यावरून मला आणखी दोन विषय सुचले…

---

पोळीभाजीवाली (१७ जुलै, दुपारी २:४०)

विषयांतराबद्दल क्षमस्व. तिरकस दादांची फोनची अट लावली, अकरा नावं उरली. रिक्षावाल्याला, दूधवाल्याला आणि माझ्या भाचीला फोनवरून लिहायला लावली. तिघांनीही बरोबर लिहिलेलं एकच निघालं, आईचं नाव. बोर्डाला टाकलंय. पेंटर विचारतोय, खाली फोन नंबर मोठा हवा की 'ज्वारीची भाकरी मिळेल'?

---

पेठेबाहेरचा (१९ जुलै, रात्री ११:१०)

ताई, भाकरी.

गिरणी वाचून दाखवली. सहापैकी पाच जणांना आठवली. डिजिटल अरेस्टला सहा होते. नाना म्हणतील पाच आणि सहात फरक नाही, आणि मलाही तसंच वाटतं. शेवटी निम्मी संहिता हातात आहे म्हणून तीच ठेवली. गिरणीवाला पोरगा नाराज आहे, आज तालमीच्या यादीत नाव घालायला आला नाही. त्याला खोट्या इन्स्पेक्टरचं काम द्यायचं मनात होतं. उद्या त्याच्या घरी जाऊन बघतो.